शब्दचर्चा : अहवालातला ‘फीटल’ आणि मेंदूच्या तळाचे धमनीवलय

कृष्णाकाठ (सांगली)
माझ्या वहिनींचे वय ६१ आहे. चक्कर येते म्हणून गेल्या आठवड्यात मिरजेत त्यांच्या मेंदूच्या रक्तवाहिन्यांची एमआर अँजिओग्राफी झाली. अहवालात मेंदूच्या उजव्या मागच्या धमनीला ‘फीटल’, तिच्या सुरुवातीच्या तुकड्याला ‘हायपोप्लास्टिक’ आणि डाव्या बाजूच्या मागच्या कम्युनिकेटिंग धमनीपुढे ‘नॉट व्हिज्युअलाइज्ड’ असे लिहिले आहे. पुतण्याने पहिला शब्द ‘फेटल’, म्हणजे प्राणघातक, असा वाचला आणि घरात दोन दिवस कोणी नीट जेवले नाही. ही जन्मापासूनची ठेवण आहे, एवढे डॉक्टरांनी नंतर सांगितले. वहिनींना हा अहवाल मराठीत लिहून द्यावा असे मनात आहे. ‘सर्कल ऑफ विलिस’साठी वर्तुळ म्हणावे, चक्र म्हणावे की वलय? आणि बाकीच्या शब्दांचे काय करावे?

वाईकर
‘चक्र’ योग्य वाटते. चार धमन्यांतून वर आलेले रक्त या चक्रात फिरते आणि तेथून सगळीकडे वाटले जाते. शिवाय आमच्या शाळेच्या पुस्तकात धमनीला ‘रोहिणी’ म्हणत असत. ‘रोहिणीचक्र’ हा शब्द किती सुरेख होईल!

शरीररचना (कऱ्हाड)
मी बरीच वर्षे शरीररचनाशास्त्र शिकवले आहे. ‘रोहिणी’ मलाही प्रिय आहे, परंतु ‘चक्र’ मात्र घेऊ नये, कारण त्या शब्दात फिरणे आहे आणि येथे रक्त गोल फिरत नाही. मानेतून पुढून दोन कॅरोटिड धमन्या वर येतात; मागून दोन व्हर्टिब्रल धमन्या येतात आणि कवटीत एकत्र होऊन त्यांची एक बेसिलर धमनी बनते. दोन्ही कॅरोटिडपासून निघणाऱ्या पुढच्या धमन्या एका आखूड आडव्या धमनीने एकमेकींना जोडलेल्या असतात. बेसिलरच्या टोकाला दोन मागच्या धमन्या फुटतात आणि त्यांना प्रत्येक बाजूच्या कॅरोटिडशी एकेक जोडधमनी बांधते. या सगळ्यांनी मिळून जे बंद कडे तयार होते ते धमनीवलय. मेंदूची मधली धमनी सर्वांत जाड असली तरी ती या कड्याचा भाग धरत नाहीत, ती त्यातून बाहेर पडणारी शाखा आहे.

एरवी दोन्ही टोकांना दाब जवळपास सारखाच असल्याने जोडधमन्यांतून फार थोडे रक्त जाते. एखादी मोठी वाहिनी अरुंद झाली, पलीकडचा दाब उतरला, की मग त्या उपयोगी पडतात. म्हणून मी ‘वलय’ सुचवतो. आकार खरे तर अनेक कोनांचा आहे, पण हातातले कडेही नेहमी अगदी गोल नसते.

माण-खटाव
वडिलांचा अनुभव सांगतो. त्यांच्या मानेतील डावी कॅरोटिड पूर्ण बंद असल्याचे सोनोग्राफीत अचानक आढळले, आणि त्यांना ना लकवा, ना बोलण्यात काही फरक. असे कसे, हे आम्हाला तेव्हा कोणी नीट समजावून सांगितले नाही.

शरीररचना (कऱ्हाड)
आपल्या वडिलांसारखेच उदाहरण थॉमस विलिसने १६६४ सालच्या आपल्या ग्रंथात नोंदवले आहे. दुसऱ्याच आजाराने गेलेल्या एका माणसाची उजवी कॅरोटिड शवविच्छेदनात बंद आढळली, तरी हयातीत त्याला लकवा झालेला नव्हता. रक्ताने दुसरी वाट धरली होती. त्या ग्रंथातील बरीच चित्रे ख्रिस्तोफर रेनने काढली होती. वलय विलिसच्या आधीही काहींनी पाहिले होते. त्याचा उपयोग त्याने ओळखला. मात्र वाहिनी हळूहळू बंद होते तेव्हाच जोडधमन्यांना रुंद होण्यास वेळ मिळतो, एकाएकी बंद झाली तर तसे होईलच याची खात्री नाही.

आता वहिनींचा अहवाल. गर्भावस्थेत मेंदूच्या मागच्या भागाला रक्त पुढून, म्हणजे कॅरोटिडकडून जोडधमनीमार्गे मिळते. पुढे बेसिलरकडून येणारा सुरुवातीचा तुकडा जाड होतो आणि जोडधमनी बारीक राहते. काही माणसांत, आणि ती विरळा नव्हेत, हा बदल होत नाही: जोडधमनी जाड राहते आणि बेसिलरकडचा तुकडा बारीक. ‘फीटल’ म्हणजे इतकेच. त्याला मी ‘गर्भकालीन ठेवणीची’ म्हणेन. नुसते ‘गर्भीय’ लिहिल्यास वाचणाऱ्याला गर्भारपणाची आठवण होईल.

वाईकर
‘चक्र’ मागे घेतो. मग ‘हायपोप्लास्टिक’ला ‘अरुंद झालेली’ म्हणावे का?

शरीररचना (कऱ्हाड)
कृपया म्हणू नये. ‘झालेली’ या एका शब्दाने अर्थ उलटतो. धमनीच्या भिंतीत चरबीचा थर साचून ती आकसते तेव्हा ती ‘अरुंद झालेली’ असते, आणि तो आजार आहे. येथे ती मुळातच ‘जन्मतः बारीक’ आहे. साधारणपणे १ मिलिमीटरहून कमी व्यासाच्या वाहिनीला असे म्हणतात, अर्थात सगळेच तज्ज्ञ तीच मर्यादा पाळत नाहीत. पूर्ण, चारही बाजूंनी ठळक वलय असलेली माणसे पुस्तकातील चित्रावरून वाटते त्यापेक्षा कितीतरी कमी असतात, आणि मागच्या जोडधमन्या तर फार वेळा बारीक असतात.

कृष्णाकाठ (सांगली)
म्हणजे वहिनींना या ठेवणीचा काहीच परिणाम नाही, असे लिहू का?

शरीररचना (कऱ्हाड)
आज काही परिणाम नाही, एवढे लिहावे. समजा, पुढे कधी त्यांची उजवी कॅरोटिड हळूहळू बंद झाली. इतरांना मागून बेसिलरचे रक्त मिळू शकते. वहिनींचा उजवा तुकडा बारीक असल्याने ती वाट कमकुवत, आणि उजवी मागची धमनीही त्याच कॅरोटिडवर अवलंबून. त्यामुळे भार पुढच्या आडव्या जोडधमनीवर येईल: डाव्या कॅरोटिडचे रक्त तिच्यातून उजवीकडे जाऊन उजव्या पुढच्या धमनीत उलट्या दिशेने वाहील आणि मधल्या धमनीला पोहोचेल. अहवालात ही जोडधमनी चांगली दिसत असेल, तर ती मोठीच आधाराची बाब आहे. तसेच उजव्या कॅरोटिडमधून निघालेली गुठळी त्यांच्या बाबतीत मागच्या भागातही जाऊ शकते. मग दोन्ही डोळ्यांनी पाहताना डावीकडची अर्धी बाजू दिसेनाशी होते. असे एकाएकी झाले तर तास-दोन तास वाट न पाहता रुग्णालय गाठावे.

माण-खटाव
पण चक्कर तर याच्यामुळेच येत असणार ना?

शरीररचना (कऱ्हाड)
तसे मानण्यास अहवालात आधार नाही. ही ठेवण जन्मापासून आहे आणि चक्कर आता आली. कानाच्या आतला भाग, रक्तदाब, औषधे ही कारणे आधी तपासली जातात. शेवटचा निर्णय त्यांना प्रत्यक्ष तपासणारे डॉक्टरच देतील.

कृष्णाकाठ (सांगली)
पुढची जोडधमनी ठळक असल्याचे अहवालात आहे. मी लिहिलेला मसुदा असा: “मेंदूच्या तळाच्या धमनीवलयात उजवी मागची धमनी गर्भकालीन ठेवणीची असून तिचा बेसिलरकडचा तुकडा जन्मतः बारीक आहे. डावी मागची जोडधमनी नाही.”

शरीररचना (कऱ्हाड)
शेवटचे वाक्य बदलावे. या तपासणीत वाहते रक्त उजळ दिसते. प्रवाह मंद असला किंवा वाहिनी फार बारीक असली, तर ती असूनही दिसत नाही. ‘नाही’च्या जागी ‘चित्रात दिसली नाही’ लिहावे.

वाईकर
‘जोडधमनी’ मला अजून ओबडधोबड वाटते. ‘संयोजी रोहिणी’ हा शब्द मी सोडलेला नाही.

कृष्णाकाठ (सांगली)
वहिनींसाठी ‘जोडधमनी’ ठेवतो. मसुदा वाचून दाखवला, तेव्हा हा शब्द काय आहे, हे त्यांनी विचारले नाही. ‘गर्भकालीन’ कोणत्या गर्भाचे, हे मात्र विचारले, म्हणून तेथे ‘त्या स्वतः आईच्या पोटात असतानाची’ असे लिहिले आहे.