मदत हवी आहे: घड्याळाच्या पट्ट्याची पिन परत बसत नाही

स्टीलचा पट्टा सैल होता, म्हणून घरीच तीन कड्या काढायला घेतल्या. बकलमधली भोकं आधीच शेवटपर्यंत वापरून झाली आहेत, त्यामुळे कड्या काढण्यावाचून इलाज नाही.

कडीच्या आतल्या बाजूला बाण आहे, त्या दिशेने पिन ढकलली. पिन गुळगुळीत, सरळ आहे, टोकाला चीर नाही आणि स्क्रूही नाही. दोन कड्या नीट निघाल्या. तिसरीला घाई केली आणि ढकलणीचं टोक घसरून कडीच्या कडेवर चारेक मिलिमीटरचा ओरखडा उठला. (चिकटपट्टी लावायची अक्कल त्यानंतर आली.)

आता पट्टा जोडताना बाणाच्या उलट दिशेने पिन घालतो, पण ती बोटानेच आत जाते आणि पट्टा हलवला की बाहेर येते. कापडावर शोधलं तर तिळाएवढी एक पोकळ नळी सापडली. काढलेल्या दोन कड्यांमध्ये अशा नळ्या शोधल्या, दिसल्या नाहीत, कदाचित आतच अडकल्या असतील. पिन वाकवून किंवा चिकटवून बसवायची नाही, पुढे कडी परत घालावी लागेल.

ओरखडा ब्रश केलेल्या भागावर आहे, चकाकणाऱ्या नाही. तिथे भांडी घासायची हिरवी घासणी रेघांच्या दिशेने फिरवली तर चालेल का? आणि मुख्य म्हणजे, ती नळी कडीच्या मधल्या भागात बसवायची की बाहेरच्या कानात, हे न ठोकता ओळखायचं कसं?