अनुभव धागा: इंग्रजीचे शब्द पाठ केले, पण टिकले कसे?

कोपरीकर
काल माळा उपसताना बँक परीक्षेच्या काळातली 200 पानी वही सापडली. तेव्हा रोज 30 शब्द घोकायचो. महिनाभराने बहिणीने मधूनच 40 विचारले, 11 आले. वही चाळली तर पाच वेगवेगळ्या शब्दांपुढे माझ्याच अक्षरात एकच अर्थ: कमी करणे, कमी होणे. मिटिगेट, अलिव्हिएट, करटेल, ड्विंडल, अबेट. उताऱ्यातल्या रिकाम्या जागा भरायच्या क्लोज टेस्टला यातले तीन पर्यायांत आले की मी आपला बोट फिरवून ठरवायचो.

मग अर्थ लिहिणं बंद केलं आणि शब्द कोणासोबत येतो ते लिहायला लागलो. खर्च करटेल करतात, धोका मिटिगेट, वेदना अलिव्हिएट. साठा ड्विंडल होतो, वादळ अबेट होतं. रोज फक्त 8, तेही त्याच दिवशीच्या अग्रलेखातले. ठाणे-वाशी लोकलमध्ये जाताना अग्रलेख वाचायचा आणि शब्दांखाली रेघ मारायची. येताना पेपर बॅगेत ठेवून आठही आठवायचे, न आठवलेल्यांना घरी वहीत जागा. उजव्या पानावर अग्रलेखातलं वाक्य, शब्दाच्या जागी रिकामी जागा. डाव्या पानावर शब्द. रविवारी डावं पान झाकून वाक्यं भरायची. चुकलेला शब्द सोमवारच्या पानावर सगळ्यात वर, आणि तो त्या दिवशीच्या आठांतच मोजायचा. तीन रविवार बरोबर आला की सुट्टी.

तुमचं कसं होतं? लिहा.

ऐरोलीची_माई
धाग्याबद्दल आभार. माझा मुलगा सातवीत आहे, इंग्रजी बोलायला लाजतो. क्लास लावू का?

वकीलसाहेब_ठाणे
अबेट म्हणजे गुन्ह्याला चिथावणी ना? वादळ कुठून आलं?

कोपरीकर
@वकीलसाहेब तुम्हाला तेच दिसणार 😄 तुमच्या अबेटला शेवटी ई नाही, वादळाच्या आहे. देवनागरीत दोघं जुळे. म्हणूनच शब्द वहीत रोमनमध्येच लिहायचे, मी दोनदा आपटलोय.

घणसोली_८_१२
एवढा खटाटोप कशाला, मुळं पाठ करा. बेने म्हणजे चांगलं, इन म्हणजे नाही. शंभर मुळांत हजार शब्द निघतात.

रबाळे_रिटर्न
मग इनव्हॅल्युएबल म्हणजे कवडीमोल का? आणि इन्फ्लेमेबल लिहिलेल्या टँकरजवळ काडी ओढून बघू नका. मुळांनी अर्थाचा अंदाज येतो, शब्द लक्षात ठेवायला मदतही होते, पण जोडीदार कळत नाही. क्लोज टेस्ट जोडीदारच विचारते.

मी सात वर्षं पोरांना शिकवतेय. कोपरीकरांच्या पद्धतीत एक भोक आहे. तेच वाक्य तीन रविवार आलं की पोरं वाक्य ओळखतात, शब्द नाही. माझ्या एका विद्यार्थ्याची वही टिकच्या खुणांनी भरलेली, मॉकला मात्र तेच शब्द चुकायचे. त्याला विचारलं, करटेल कुठे पाहिलास? म्हणाला, रिझर्व्ह बँकेच्या वाक्यात, डाव्या कोपऱ्यात. आता तिसऱ्या रविवारी वाक्य बदलायला लावते, स्वतःचं, घरातलं. त्याने लिहिलं, आईने माझा पॉकेटमनी करटेल केला. तो शब्द मग नाही चुकला.

आणि आयबीपीएस पीओच्या प्रिलिम्सला इंग्रजीचे 20 मिनिटांत 30 प्रश्न असतात, चुकला की पाव गुण जातो. तिथे शब्द ओळखता आला तरी पुष्कळ. मेन्सच्या निबंधाला मात्र तो आपणहून आठवावा लागतो, तिथे वाचून ओळखीचे झालेले शब्द उपयोगी पडत नाहीत.

कोपरीकर
डाव्या कोपऱ्यात 😂 ताई, माझंही अगदी असंच व्हायचं, आत्ता कळलं.

तुर्भे_नाईटशिफ्ट
वही कोण सांभाळणार, मी अँकी ॲप वापरतो. चुकलेला शब्द लवकर येतो, आलेला उशिरा, हिशोब तेच ठेवतं. फक्त गेल्या महिन्यात दहा दिवस बहिणीच्या लग्नात गेले, परत उघडलं तर 340 कार्डं तुंबलेली. तेव्हापासून उघडलं नाही.

रबाळे_रिटर्न
@तुर्भे नवीन कार्डं शून्यावर आणा, जुनी रोज 50 संपवा. साधारण आठवड्याभरात ढीग उतरेल. वहीत मात्र सुटलेला रविवार सरळ सुटतो, तुंबत नाही. कोणतं बरं ते मला अजून ठरवता आलेलं नाही.

घणसोली_८_१२
टँकरवालं मान्य. मुळं तरी सोडणार नाही.

कळवा_खाडी
मी आठवरून पाचवर आले. नोकरी, स्वयंपाक, सासूबाईंची औषधं. येताना आठवायचं म्हणता, पण ठाण्याहून सुटताना बसायला मिळालं तर ना! दारात लटकून ड्विंडल फक्त माझा दम होतो.

वकीलसाहेब_ठाणे
कोपरीकर, रविवारी वही झाकल्यावर मामलेदारला मिसळ खायला जाता का? तिखट की मध्यम?

कोपरीकर
मध्यम. तिखट खाल्लं की आठही शब्द डोळ्यांतून वाहून जातात.

ऐरोलीची_माई
क्लासचं कोणी सांगितलं नाही.