गणपतीचा व्हिडिओ: ४:१० वरून अडीच मिनिटांवर कसं आणू?

अमोल:
मंडळी, व्हिडिओचा कच्चा कट काल रात्री ड्राइव्हवर टाकलाय. सहा जणांच्या फोनमधून २१४ क्लिप आल्या, त्यातून ४ मिनिटं १० सेकंद उरलेत. कार्यकारिणीला अडीच मिनिटं हवीत. ढोलाच्या भागात मला स्वतःलाच कंटाळा येतो, पण काय काढू ते कळत नाही. जरा बघून सांगा.

निखिल:
सोपं आहे रे. प्रत्येक शॉट दोन सेकंदांवर आण आणि ढोलाच्या ठेक्यावर कट मार. वेग आला की कंटाळा पळतो.

वर्षाताई:
निखिल, ठेक्यावर कट ढोलाला शोभतो, तेही थोडा वेळच. आरतीत तसं केलंस तर ती धावत सुटल्यासारखी वाटेल.

अमोल, मी कट दोनदा पाहिला. ढोलाचे सात शॉट आहेत, आणि सातही समोरून, कमरेच्या उंचीवरून घेतलेत. पहिला पाहून जे कळतं तेच सातव्यातून कळतं, म्हणून तुला कंटाळा येतो. ते दोन-दोन सेकंदांचे केलेस तरी सात वेळा तेच सांगशील.

एक काम कर. उरलेल्या क्लिपांपुढे एकेक ओळ लिही, यात नवीन काय दिसलं म्हणून. दोन ओळी सारख्या आल्या की एक क्लिप बाद. मी तुझ्या ढोलांच्या क्लिपांवर करून पाहिलं, तर तीनच उरल्या. एकीत ताशा एकटा सुरू होतो आणि मागचे टिपरू वर धरून थांबलेत. दुसरीत पहिला ठोका पडतो आणि पुढच्या रांगेतली छोटी दोन्ही कान दाबते, पण डोळे मिटत नाही. ही १२ सेकंदांची क्लिप अजिबात कापू नकोस.

तिसरी तू कटमध्ये घेतलीच नाहीस, ती स्वयंपाकघरातली आहे. ढोल भिंतीपलीकडे वाजतोय, इथे फक्त धमधम ऐकू येते. मोदकपात्राचं झाकण दर ठोक्याला थरथरतंय आणि एक काकू त्याकडे न बघता पुढचा मोदक वळतायत. सुरुवात हिच्यापासून कर. ढोल आधी ऐकू येऊ दे, मग दार उघडून हॉलमध्ये जा.

आवाजाचंही सांगते. जवळून घेतलेल्या सगळ्या क्लिपांत ढोल फाटलाय. टाइमलाइनवर लाटांची टोकं कात्रीने कापल्यासारखी सपाट दिसतील. नंतर आवाज कमी केलास तरी तो फाटकाच राहणार. हॉलच्या मागच्या दारातून कुणीतरी घेतलेली क्लिप आहे, तिचा आवाज स्वच्छ आहे. तो समोरच्या दृश्याखाली घाल. ताशाची पहिली काडी दोन्हीकडे जुळवलीस की बसेल. फोनचा फ्रेम रेट हलतो, त्यामुळे लांब पल्ल्यात आवाज सरकेल, पण १२ सेकंदांत कळणार नाही.

आरतीचा आवाज मात्र एकाच फोनमधून ४० सेकंद सलग ठेव आणि वर चित्रं बदल. दोन फोनचा आवाज जोडलास तर टाळ्या आणि झांजा अडखळतील.

नाना:
अहो, सगळं कापूनच टाकणार का? आमच्या नातीच्या गटाचा नाच साडेचार मिनिटांचा होता, तो यात ६ सेकंद दिसतोय. पुण्याला तिची आजी वाट बघतेय. १९९८ साली इथे आम्ही व्हीएचएसवर अख्खा कार्यक्रम उतरवला होता, तीन तास, आणि सगळ्यांनी कॉपी नेल्या.

वर्षाताई:
नाना, अख्खा नाच वेगळा देऊच, ड्राइव्हवर आहे. आजींना तोच पाठवा. छोट्या व्हिडिओत नाचाची आणखी एक अडचण आहे. गाणं सिनेमातलं आहे, यूट्यूबवर टाकलं की हक्काचा दावा येऊ शकतो. म्हणून मी स्टेजमागची क्लिप घ्यावी म्हणते. तुमची नात एका पायात घुंगरू बांधून दुसरा शोधतेय, आणि मागे सूत्रसंचालक गटाचं नाव घेतोय. गाणं सुरू व्हायच्या आधी कट.

नाना:
ती क्लिप मी पाहिली नव्हती. घुंगरू माझ्या खिशात होता, असो. पण बाकीच्या ११ मुलींचे आईबाप काय म्हणतील?

अमोल:
रात्री बसलो. ताई, ओळी लिहिताना पाच ग्रुप फोटो आणि आरतीचं ताट फिरवण्याचे चारपैकी तीन शॉट आपोआप गेले. आता २२ शॉट, २ मिनिटं ३८ सेकंद. शेवट विसर्जनाच्या टबावर केलाय. माती विरघळून पाणी गढूळ झालंय आणि कुणीतरी मागे खुर्च्या घडी करतंय. त्यावर संगीत घातलं नाही, खुर्च्यांचाच आवाज आहे.

दोन गोष्टी अडल्यात. खजिनदार म्हणतात प्रायोजकांची पाटी सुरुवातीला हवी. मग मोदकपात्राच्या आधी सहा सेकंद लोगो. आणि नानांच्या ११ आईबापांचं काय करायचं?

निखिल:
पाटी शेवटी, खुर्च्यांनंतर. खजिनदारांशी मी बोलतो. आईबापांशी कोणीतरी दुसऱ्याने बोला.