विषय: चवथीच्या सेलची पोस्ट, टॅग अर्धाच निळा होतो

सुनीता, म्हापसा

नमस्कार मंडळी, चवथीसाठी घरून नेवऱ्यांचे डबे देते. 12 नगांचा डबा 240 रुपयांना, बुधवारपर्यंत ऑर्डर दिली तर 210. इन्स्टाग्रामवर मराठी आणि इंग्रजी दोन्ही लिहायचं आहे. काल पोस्ट टाकली, त्यात #चवथ-सेल लिहिलं, तर फक्त ‘चवथ’ निळं झालं. शेवटी ‘आमच्या #नेवऱ्यांचा डबा’ असंही लिहिलं होतं. ते निळं झालं, पण दाबल्यावर माझ्या पोस्टशिवाय काहीच दिसलं नाही. कुठं चुकलं?

नितीन, पणजी

सुनीता, टॅगमध्ये आडवी रेघ आणि मोकळी जागा चालत नाही, तिथंच टॅग संपतो. #चवथसेल असं सलग लिही. आणि तीसपर्यंत टॅग टाकता येतात, ते सगळे भर. जितके जास्त, तितक्या जास्त लोकांपुढं पोस्ट जाते.

मंगलकाकू, फोंडा

मी गेल्या दिवाळीत साड्यांचा सेल लावला. इंग्रजीत ‘up to 20% off’ बरोबर लिहिलं आणि मराठीत घाईत ‘20 टक्के सूट’. ‘पर्यंत’ राहून गेलं. बायका मोबाईल दाखवून प्रत्येक साडीवर 20 टक्के मागू लागल्या, आणि मला द्यावे लागले, कारण लिहिलं मीच होतं. सुनीता, दोन्हीकडचा भाव आणि वार शेजारी ठेवून वाच गं. टॅगचं मला काही कळत नाही.

वैशाली, मडगाव

काकूंचं आधी ऐक, कारण पैसे तिथं जातात.

आडव्या रेघेबद्दल नितीनचं बरोबर आहे. तीस टॅग भरण्याचं मात्र पटत नाही. तेवढी मुभा बरीच वर्षं होती, आता नाही, आणि ती असतानाही 2021 मध्येच इन्स्टाग्रामच्या क्रिएटर्स खात्यानं तीन ते पाच टॅग वापरा असं सांगितलं होतं. तुझा डबा म्हापशाच्या आसपासच जाणार, तर #India टाकून काय मिळणार?

तुझी खरी अडचण वेगळी आहे. मराठीत शब्दाला प्रत्यय चिकटतो आणि टॅग बदलतो. #नेवऱ्यांचा आणि #नेवऱ्या हे ॲपच्या दृष्टीनं दोन वेगळे शब्द, आणि ‘नेवऱ्यांचा’ कुणी शोधायला जात नाही. म्हणून वाक्यात टॅग घालूच नकोस. वाक्य मोकळं लिही आणि खाली मूळ रूपात टॅग दे.

दुसरी खोच ‘ऱ्या’ची. हे अक्षर दोन तऱ्हेनं टाइप होतं. काही कीबोर्ड खाली टिंब असलेला ‘ऱ’ घेतात, काही साधा ‘र’ घेऊन त्यापुढं न दिसणारं जोडचिन्ह घालतात. डोळ्यांना दोन्ही सारखेच, पण आतली चिन्हं वेगळी, म्हणून टॅगही वेगळे पडू शकतात. मी एकवचनी #नेवरी घेते, भानगडच नको. पोस्ट टाकल्यावर टॅग दाबून बघ, दुसऱ्यांच्या नेवऱ्या दिसल्या तर जमलं.

मी असं लिहिलं असतं:

```
चवथीच्या नेवऱ्या, 12 नगांचा डबा.
बुधवारपर्यंत ऑर्डर दिली तर 240 ऐवजी 210 रुपये.
खोबरं, गूळ, वेलची. म्हापशाला घेऊन जा.

Nevryo for Chavath, box of 12.
₹210 instead of ₹240 if you order by Wednesday.
Pick up in Mapusa.

#चवथ #नेवरी #म्हापसा #Nevri #Mapusa
```

पहिल्याच ओळीत पदार्थ आणि नग, कारण फीडमध्ये सुरुवातीच्याच ओळी दिसतात, बाकीचं ‘more’मागं जातं. भावही लगेच दुसऱ्या ओळीत. व्हॉट्सॲपची लिंक कॅप्शनमध्ये दाबता येत नाही, ती बायोमध्ये ठेव.

नितीन, पणजी

पण वैशाली, इंग्रजी वाचणारे ‘Neureos’ लिहितात. ख्रिसमसला शेजाऱ्यांकडून येतात त्या त्याच नावानं. माझ्या मते तोच टॅग घे.

वैशाली, मडगाव

हे खरं, माझ्या डोक्यात नव्हतं आलं. #Neureos त्या सणाला नक्की. चवथीला तो शब्द कोण शोधेल, सांगता येत नाही.

सुनीता, म्हापसा

बदललं. #नेवरी दाबल्यावर आणखी पुष्कळ जणींच्या नेवऱ्या दिसल्या, माझी त्यांत खाली सापडली. काकू, दोन्ही भाव मोठ्यानं वाचले. इंग्रजीत ‘Tuesday’ राहिलं होतं, ते सुधारलं. #Nevri काढून #Neureos टाकू का, हे अजून ठरत नाही. बार्देशातलं कुणी सांगेल का, तुमच्याकडं चवथीच्या डब्याला इंग्रजीत काय म्हणतात?