मदत हवी आहे: बारच्या वेगावरून त्या दिवसाचं वजन कसं ठरवायचं आणि सेट कुठे थांबवायचा?

रात्रपाळी_नाशिक

नमस्कार मंडळी. तीन वर्षं बारबेलवर व्यायाम करतोय. माझं वजन ७४ किलो. स्क्वॉटमध्ये आजवरचं सर्वांत जड वजन १३० किलो, तेही आठ महिन्यांपूर्वी एकदाच. सध्या मंगळवार आणि शुक्रवार १०५ किलोवर पाच-पाचचे पाच सेट मारतो. म्हणजे १३०च्या साधारण ८० टक्के.

अडचण अशी की एक आठवडा दिवसपाळी, एक आठवडा रात्रपाळी. दिवसपाळीच्या आठवड्यात १०५ किलो आरामात होतात. मागच्या मंगळवारी मात्र रात्रपाळी करून जिमला गेलो आणि तिसऱ्या सेटच्या चौथ्या रेपला खाली अडकलो. सेफ्टी बार होते म्हणून निभावलं.

म्हणून बारचा वेग मोजायला लागलो. मोबाइल बाजूला जमिनीवर ठेवतो, व्हिडिओ घेतो. टेपने मोजलं तर बार खालून वरपर्यंत ६० सेंटिमीटर जातो. वर यायला लागलेल्या वेळाने ०.६० ला भागतो. एका चांगल्या दिवशी हे आकडे मिळाले (मीटर प्रति सेकंद, प्रत्येक वजनाची सर्वांत वेगवान रेप):

६० किलो – ०.९६
८० किलो – ०.७९
१०० किलो – ०.६२
११० किलो – ०.५३

मागच्या मंगळवारी ८० किलोला ०.७१ आला होता.

प्रश्न दोन. एक, आकडे आलेखावर मांडून रेघ ०.३० पर्यंत वाढवली तर १३७ किलो येतात. आता टक्केवारी १३७ वरून काढू का? दोन, वेग २० टक्के घसरला की सेट थांबवावा असं वाचलं, पण वेग तर मला व्हिडिओ बघितल्यावर कळतो. मग सेट थांबवणार कसा?

सावकाश_पण_नक्की

भाऊ, माझं ऐका, वेगाच्या मागे लागू नका. आमच्या जिममध्ये एकाने झटक्यात स्क्वॉट मारून गुडघा दुखवून घेतला. खाली जाताना चार सेकंद, वर येताना दोन सेकंद, असं शांतपणे करा.

चॉक_आणि_बेल्ट

@सावकाश_पण_नक्की, प्रश्न थोडा वेगळा आहे. खाली जाताना घाई करा असं कोणी म्हणत नाही. खाली नेहमीसारखं, ताब्यात ठेवूनच जायचं. वेग मोजायचा तो फक्त वर येतानाचा, आणि वर येताना प्रत्येक रेप, अगदी ६० किलोची वॉर्म-अपचीसुद्धा, पूर्ण जोर लावून मारायची. वजन जड असेल तर जोर पूर्ण लावूनही बार हळूच जातो, आणि तो हळूपणाच आपल्याला वाचायचा असतो. ठरवून दोन सेकंदात वर आलात तर त्या आकड्याला अर्थच उरत नाही.

धागाकर्ते, पहिल्या प्रश्नाचं उत्तर: नाही, १३७ धरू नका. तुमची रेघ सरळ आहे, हिशोबही बरोबर आहे. पण ०.३० हा स्क्वॉटच्या एका रेपच्या कमाल वजनाचा, अनेक जणांचा मिळून काढलेला सरासरी वेग आहे. तुमची शेवटची, जीव काढणारी रेप ०.३५ लाही संपत असेल. तुमच्याच रेघेवर १३० किलोला साधारण ०.३६ येतो, म्हणजे १३० हेच तुमचं खरं कमाल असण्याची शक्यता बरीच आहे. मोकळ्या बारच्या स्क्वॉटवर अशा अंदाजांची तपासणी झाली तेव्हाही अंदाज खऱ्यापेक्षा जास्तच निघाले होते. १३७ चे ८० टक्के म्हणजे जवळपास ११०. आधीच १०५ वर अडकलेल्या माणसाने हे करू नये.

रेघेचा खरा उपयोग तिच्या उतारात आहे. तुमचा वेग दर १० किलोमागे साधारण ०.०८५ ने उतरतो. मागच्या मंगळवारी ८० किलोला ०.७९ ऐवजी ०.७१ आला, म्हणजे ०.०८ कमी. त्या दिवशी तुमच्या अंगाला प्रत्येक वजन साधारण ९ किलोंनी जड वाटत होतं. म्हणजे १०५ उचलताना तुम्ही ११४ उचलत होतात. अडकणारच.

त्यामुळे कमाल वजन किती हे विसरून जा. १०५ ला चांगल्या दिवशी पहिली रेप ०.५७ च्या आसपास येत असणार. तुमचं लक्ष्य ते ०.५७ धरा, १०५ किलो नाही. वॉर्म-अपमध्ये ८० किलोचा वेग बघा. तो नेहमीच्या जागी असेल तर १०५ लावा. ०.०८ कमी असेल तर ९५ किंवा ९७.५ लावा.

फ्रेम_मोजणारा

इथे एक खोच आहे. तुमचा व्हिडिओ साध्या मोडमध्ये, सेकंदाला ३० फ्रेमचा असेल तर एका फ्रेमची किंमत ०.०३३ सेकंद. ०.६० मीटर ०.७६ सेकंदात म्हणजे ०.७९. एकच फ्रेम चुकली की तोच आकडा ०.७६ होतो. सुरुवात आणि शेवट, दोन्हीकडे एकेक फ्रेम चुकली तर ०.७३. म्हणजे ज्या ०.०८ वरून ९ किलो कमी करायचे, त्यातला बराच भाग नुसत्या फोनचा असू शकतो.

२४० फ्रेमच्या स्लो-मोशनमध्ये घ्या. तिथे एक फ्रेम ०.००४ सेकंदाची, ती चूक विसरता येते. एकच सांभाळा: काही फोन स्लो-मोशनचा व्हिडिओ आठपट ताणूनच साठवतात. पडद्यावर ६.१ सेकंद दिसले तर खरे ०.७६.

आणि खोली! तुम्ही प्रत्येक रेपला ६० सेंटिमीटर धरता. थकल्यावर ५५ वरूनच परत फिरलात तर वेळ कमी लागेल आणि हिशोबात वेग वाढलेला दिसेल. त्यामुळे सेटच्या शेवटी वेग अचानक सुधारला तर आनंदून जाऊ नका, आधी व्हिडिओत मांडी कुठे थांबली ते बघा.

रात्रपाळी_नाशिक

३० फ्रेमचाच होता. हे डोक्यातच आलं नव्हतं. म्हणजे त्या मंगळवारी मी खरंच थकलो होतो की मोजणी चुकली?

फ्रेम_मोजणारा

तुम्ही त्याच दिवशी रेप अडकवलीत, म्हणून थकवा होता असंच मी म्हणेन. पण किती, ते त्या व्हिडिओवरून सांगता येणार नाही.

दोन_रेप_बाकी

एवढं मोजायची गरजच नाही. बेंचला ०.१७ आणि स्क्वॉटला ०.३० हे सगळ्यांसाठी ठरलेलं आहे, आणि वेग २० टक्के उतरला की बरोबर दोन रेप शिल्लक असतात. मी वेग न मोजता, शिल्लक रेप ओळखूनच सेट थांबवतो.

चॉक_आणि_बेल्ट

बेंचचे ०.१७ बऱ्याच जणांना जुळतात, स्क्वॉटला माणसामाणसात फरक जास्त पडतो. आणि २० टक्क्यांवर "बरोबर दोन" हे मला पटत नाही. ७० टक्के वजनावर वेग २० टक्के उतरल्यावरही माझ्या अजून चार-पाच रेप होतात, ८५ टक्क्यांवर एखादीच. मात्र शिल्लक रेप ओळखता येत असतील तर त्या ओळखीवर सेट थांबवणं चुकीचं नाही. धागाकर्त्यांना नेमकी तीच अडचण आहे, रात्रपाळीनंतर त्यांची ओळख चुकते.

दुसरा प्रश्न, सेट थांबवण्याचा. बारला दोरी जोडून वेग मोजणारं यंत्र असेल तर रेप संपताच आकडा दिसतो आणि ठरवलेल्या वेगाखाली गेलं की ते आवाज देतं. फोनवर हे जमत नाही, म्हणून आधीच्या सेटवरून पुढचा ठरवायचा. समजा पहिल्या सेटला रेप अशा आल्या: ०.५७, ०.५७, ०.५४, ०.५०, ०.४५. सर्वांत वेगवान ०.५७ (ती पहिलीच असेल असं नाही). तिच्यातून २० टक्के गेले की ०.४६ उरतात. पाचवी रेप त्याखाली गेली, म्हणून दुसरा सेट चारचा. विश्रांतीत चौथीचा वेग बघा. ०.४६ च्या वर असेल तर तिसराही चारचा, खाली असेल तर तीनचा. तीनवरही टिकत नसेल तर त्या दिवसाचा स्क्वॉट संपला. २५ रेप पूर्ण झाल्याच पाहिजेत हा हट्ट सोडा.

माझी_लेक_गोळाफेक

माझी मुलगी १६ वर्षांची, गोळाफेक करते. तिच्यासाठीही २० टक्केच का? आणि माझ्यासाठी? मी ४४ ची आहे, मला मांड्यांचे स्नायू वाढवायचे आहेत, स्पर्धा वगैरे नाही.

चॉक_आणि_बेल्ट

ताई, यावर २०१७ मध्ये स्पेनच्या संशोधकांचा एक अभ्यास आला होता. आठ आठवडे स्क्वॉट, एक गट २० टक्क्यांवर थांबणारा, दुसरा ४० वर. ताकद दोघांची जवळपास सारखीच वाढली. २० वाल्यांनी रेप बऱ्याच कमी मारल्या आणि त्यांची उडी जास्त सुधारली. ४० वाल्यांच्या मांडीचे स्नायू जास्त वाढले. तो तरुण पुरुषांवर आणि स्मिथ मशीनवर होता, त्यामुळे तुम्हा दोघींना तसाच्या तसा लागू होईल असं मी म्हणणार नाही. पण दिशा तीच धरेन: मुलीने २० किंवा त्याच्याही आत थांबावं, तेही तिच्या प्रशिक्षकांना विचारून. तुम्ही पुढे जायला हरकत नाही, पण सेफ्टी बार लावून.

लोखंडी_प्लेट

कोणी बोललं नाही म्हणून सांगतो. साध्या जिममध्ये "२०" लिहिलेली प्लेट २० ची असेलच असं नाही. मी काट्यावर ठेवून बघितली तेव्हा दोन प्लेटांत जवळपास एक किलोचा फरक होता. ८० किलोचा वेग दिवसादिवशी ताडून बघायचा तर बार तोच, प्लेटा त्याच घ्या. मी खडूने खूण करून ठेवतो.

रात्रपाळी_नाशिक

दोन आठवड्यांनी लिहितोय. स्लो-मोशनमध्ये, खूण केलेल्या प्लेटा लावून. दिवसपाळीच्या आठवड्यात ८० किलोला ०.७८ आणि ०.८०, रात्रपाळी सुरू झाल्यावर मंगळवारी ०.७७. तिन्ही दिवशी १०५ च लावले. ०.०३ च्या फरकावर वजन हलवायचं नाही असं ठरवलंय.

शुक्रवारी, रात्रपाळीच्या चौथ्या दिवशी, ०.७२. ९७.५ लावले. पहिल्या सेटची वेगवान रेप ०.५६, पाचवी ०.४७. दुसरा सेटही पाचचा. तिसऱ्यात पाचवी ०.४४ आली म्हणून चौथा चारचा केला आणि तिथेच थांबलो. कुठेही अडकलो नाही.

एक गोष्ट मात्र उमगली नाही. त्याच शुक्रवारी दुसऱ्या सेटची पहिली रेप ०.५९ आली, पहिल्या सेटपेक्षा वेगवान. थकवा असताना असं का? ८० ची मोजणी मी फार लवकर घेतोय का?

चॉक_आणि_बेल्ट

शक्य आहे. झोपेतून उठून आलेलं अंग उशिरा तापतं. ८० च्या आधी ६० चा एक सेट वाढवून बघा, पण मग तो दिवसपाळीतही वाढवावा लागेल, नाहीतर तुलना बिघडेल.

दोन_रेप_बाकी

की ९७.५ लावायची गरजच नव्हती?

रात्रपाळी_नाशिक

तोच प्रश्न मलाही पडलाय. पुढच्या रात्रपाळीत एक सेट वाढवून बघतो आणि आकडे इथेच टाकतो.