मदत हवी आहे: इन्व्हर्टर एसी दुपारी सोलरवर, पॅनेल वाढवू की बॅटरी?

अकोल्यात घर आहे. आईला उन्हाळ्यात ११ ते ४ एसी लागतोच आणि लाईट नेमकी दुपारी जाते, म्हणून ऑफ-ग्रिडच हवं. दीड टनाचा इन्व्हर्टर एसी, ५४० वॉटची ४ पॅनेल, ३ केव्हीएचा २४ व्होल्ट सोलर इन्व्हर्टर, १५० एएचच्या दोन लेड-ॲसिड बॅटऱ्या.

सुरुवातीच्या झटक्याची भीती होती, पण क्लॅम्प मीटर लावून पाहिलं: करंट हळूहळू चढत साडेसहा अँपिअरवर थांबतो, झटका नाही. एक एचपीची मोटर मात्र त्याच वेळी चालू केली की इन्व्हर्टर ओव्हरलोड दाखवून बंद पडतो, म्हणून ती आता सकाळीच लावतो.

खरी अडचण साडेतीननंतर. पॅनेल जेमतेम ११०० वॉट देतात, एसी मात्र ऊन भाजत असल्याने १३०० च्या खाली येत नाही. ढग आला तर सगळा भार बॅटरीवर, म्हणजे साठ अँपिअर. पाच-सात मिनिटांत लो बॅटरीचा बीप सुरू होतो. एसी २४ ऐवजी २७ अंशांवर ठेवून पाहिला, थोडाच फरक पडला.

गच्चीवर अजून दोनच पॅनेल बसतील, चार्ज कंट्रोलरची मर्यादा ४००० वॉट आहे. ती दोन पश्चिमेकडे तोंड करून लावली तर चार वाजेपर्यंत निभेल, की आधी बॅटरीच मोठी घ्यावी?