मदत हवी आहे: उंदीर-घोडा जोडीत कोणतं तत्त्व धरायचं?

चिनी राशींनुसार एक जोडी तपासतोय. मुलगा मार्च 1984चा, म्हणजे लाकूड-उंदीर. मुलगी जून 1990ची, धातू-घोडा. दोन्ही जन्म चिनी नववर्षानंतरचे आहेत, त्यामुळे वर्षाचा घोळ नाही.

उंदीर-घोडा समोरासमोरचे, एकाचं मूळ तत्त्व पाणी, दुसऱ्याचं अग्नी. त्यात वर्षाचं तत्त्व पाहिलं तर धातू लाकडाला कापतो, म्हणजे विरोध दुहेरी होतो. पण साठ वर्षांच्या चक्रातलं ‘नायिन’ तत्त्व काढलं, तर 1984 ‘समुद्रातला धातू’ आणि 1990 ‘रस्त्याकडेची माती’ येतं. माती धातूला जन्म देते, म्हणजे इथे निकाल नेमका उलटा!

जन्मवेळा माहीत नाहीत, त्यामुळे चार स्तंभांची पूर्ण पत्रिका मांडता येत नाही. फक्त वर्षावरून जोडी पाहताना तुम्ही कोणतं तत्त्व मुख्य धरता, आणि नायिन अनुकूल असेल तर प्राण्यांचा विरोध कितपत सौम्य मानता?